रस्ता खोदलाय, गिऱ्हाईक येत नाही: गाळामालकाला भाडं कमी करण्याचं पत्र कसं लिहावं

गोरेगाव-मालाडच्या पट्ट्यात मी लहान दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करतो. 2023 पासून मुंबईत डांबरी रस्त्यांचं काँक्रिटीकरण गल्लोगल्ली पोहोचलं, तेव्हापासून माझ्याकडे एकच काम वारंवार येतं: "मालकाला भाडं कमी करायला सांगायचंय, एक पत्र लिहून द्या." सोबत बहुतेक जण स्वतः लिहिलेला कच्चा कागद घेऊन येतात. त्यात साधारण असं असतं की रस्त्याच्या कामामुळे धंदा बसला आहे, भाडं परवडत नाही, तरी सहकार्य करावं.

असं पत्र मालक वाचतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवतो. त्याला वाईट वाटत नाही असं नाही. पण किती कमी करायचं, कधीपर्यंत करायचं आणि नाही केलं तर आपलं काय नुकसान, हे तीन प्रश्न त्याच्या मनात असतात आणि त्या कागदात एकाचंही उत्तर नसतं. ती उत्तरं कशी तयार करायची ते मी एका भांड्यांच्या दुकानाचं उदाहरण घेऊन दाखवतो. आकडे मी गोल केले आहेत.

हे सगळं लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या गाळ्यांसाठी आहे. पागडीच्या दुकानाचं भाडं मुळातच इतकं थोडं असतं की त्यात कपात मागण्यात अर्थ नसतो.

आधी करारनामा काढा

पत्राला हात लावण्याआधी नोंदणी केलेला करारनामा पुढ्यात घ्या आणि चार गोष्टी पेन्सिलने खुणा करून ठेवा: आत्ताचं भाडं आणि पुढच्या वाढीची तारीख, लॉक-इन कधी संपतं, सोडायची नोटीस किती दिवसांची, आणि भाडं थकलं तर मालक काय करू शकतो.

आपल्या भांडीवाल्याचा करार 1 जुलै 2023 पासून तीन वर्षांचा होता. पहिल्या वर्षी 60,000, मग दर वर्षी पाच टक्के वाढ, म्हणजे 1 जुलै 2024 पासून 63,000 आणि 1 जुलै 2025 पासून 66,150. डिपॉझिट तीन लाख. लॉक-इन बारा महिन्यांचं, ते होऊन गेलेलं. नोटीस दोन महिन्यांची. म्हणजे दोन महिने आधी कळवून तो केव्हाही गाळा सोडू शकत होता, आणि हे मालकालाही माहीत होतं. पत्रात यातला एक शब्दही यायला नको, पण बोलणी याच जोरावर होतात. तुमचं लॉक-इन अजून चालू असेल तर हा जोर तुमच्याकडे नाही. मग मागणी छोटी ठेवावी लागते.

कायद्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण बरेच जण "रस्ता बंद म्हणजे भाडं बंद" असं ठरवूनच येतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 108(ई) मध्ये आग, पूर किंवा तशाच आवरता न येणाऱ्या कारणाने जागा कायमची निरुपयोगी झाली तर भाडेपट्टा रद्द करायचा पर्याय भाडेकरूला आहे. रस्ता काही महिन्यांसाठी खोदला तर जागा कायमची निरुपयोगी होत नाही. टाळेबंदीत दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानदाराने भाडं थांबवण्याची मागणी केली होती. मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. तिथे तर दुकान उघडायलाच बंदी होती, आपलं दुकान निदान उघडं आहे. शिवाय लिव्ह अँड लायसन्स हा कायद्याच्या भाषेत भाडेपट्टाही नव्हे. तुमच्या करारात अशा अडचणीसाठी वेगळी अट लिहिलेली असेल तर गोष्ट निराळी. ती नसेल तर हे पत्र म्हणजे विनंती आहे, हे मनाशी पक्कं ठेवून लिहा. हक्क सांगणारी भाषा आली की मालक वकिलाकडे जातो, आणि वकील त्याला बरोबर सांगतो की तुम्ही काही द्यायला बांधील नाही.

पूर्ण भाडं भरत राहा

हातातली तंगी बघता हे जड जातं, तरी सांगतो. मालकाची लेखी संमती येईपर्यंत ठरलेलं भाडं ठरलेल्या तारखेला, पूर्ण आणि बँकेतूनच भरा. आपल्या मनाने कापून भरलं की तुम्ही थकबाकीदार होता. मग मालकाला कपातीबद्दल बोलायची गरजच उरत नाही, तो थेट जागा रिकामी करण्याची नोटीस पाठवू शकतो. "डिपॉझिटमधून वळते करा" असंही परस्पर लिहू नका. डिपॉझिटला हात लावण्याची भाषा ऐकली की मालकाला वाटतं, हा आता गाशा गुंडाळतोय.

दुसऱ्या बाजूने पाहा. "डिसेंबरपासून दुकानापुढे खड्डा आहे, तरी आजपर्यंत एकही भाडं एक दिवस उशिरा दिलेलं नाही" हे वाक्य लिहिता येणं ही तुमच्या पत्राची सगळ्यात मोठी ताकद आहे. म्हणून पत्र लवकर लिहा, पैसे अजून भरता येत आहेत तेव्हाच. दोन भाडी थकल्यावर लिहिलेलं पत्र सबबीसारखं वाचलं जातं.

घट मोजताना होणाऱ्या चुका

आमच्या भांडीवाल्याने पहिल्यांदा मला सांगितलं की धंदा सत्तर टक्के पडला. तो डिसेंबरची तुलना ऑक्टोबर-नोव्हेंबरशी करत होता. भांड्यांच्या दुकानात धनत्रयोदशीची विक्री त्या दिवसांत येते, त्यामुळे रस्ता नीट असता तरी डिसेंबर त्यापुढे फिकाच दिसला असता. व्यापार पाहिलेला कोणताही मालक हे एका नजरेत पकडेल, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. त्यातही सण कुठे सरकलाय ते बघा. 2024 मध्ये गुढीपाडवा 9 एप्रिलला होता, 2025 मध्ये 30 मार्चला. म्हणजे मार्चची मार्चशी तुलना केली तर यंदाच्या मार्चमध्ये पाडव्याची खरेदी मिसळलेली आणि गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये नाही. म्हणून आम्ही मार्च सोडून दिला आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने धरले.

त्याच्या दुकानापुढचा रस्ता डिसेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात खोदला गेला. त्याआधीच्या वर्षीच्या त्या तीन महिन्यांत विक्री 14 लाख 30 हजार होती, या वेळी 8 लाख 30 हजार झाली. सहा लाखांची घट, म्हणजे 42 टक्के. आकडे जीएसटीआर-3बी मधूनच घ्या, दोन्ही वर्षांचे कर वगळून. वहीत एक आणि रिटर्नमध्ये दुसरं असा आकडा पत्रात कधीही घालू नका. हा कागद उद्या कोणाच्या हाती जाईल ते आपल्याला माहीत नसतं.

घट झाली एवढं दाखवून भागत नाही, ती रस्त्यामुळेच झाली हेही दिसायला हवं. मालक मनात म्हणतोच, "हल्ली सगळे ऑनलाइन घेतात, रस्त्याचं निमित्त." यावर दोन पुरावे कामी आले. पहिला, यूपीआयचं स्टेटमेंट. जानेवारी 2024 मध्ये 610 जणांनी यूपीआयने पैसे दिले होते, जानेवारी 2025 मध्ये 345 जणांनी. यूपीआय वापरणारे दरवर्षी वाढतात, तरीही आकडा एवढा खाली आला, म्हणजे दारात येणारी माणसंच कमी झाली. दुसरा पुरावा आणखी बोलका होता. फोनवर मागवून घरपोच जाणारी त्याची विक्री जवळजवळ होती तेवढीच राहिली होती. लोकांना त्याच्याकडून घ्यायचं होतं, त्यांना फक्त दुकानापर्यंत येता येत नव्हतं. कुकर आणि पातेल्यांचा संच हातात धरून फळीवरून कोण चालणार?

रस्त्याचे पुरावे

फोटो दर आठवड्याला, त्याच जागेवरून आणि तारखेसह काढा. एक दुकानाच्या उंबऱ्यावरून समोर, एक नाक्यावरून दुकानाकडे. कामाभोवती लावलेले पत्रे कुठून कुठपर्यंत आहेत, चालायला किती जागा उरली आहे आणि रिक्षा शेवटची कुठे थांबते, हे त्यात दिसायला हवं. कामाच्या जागी लावलेल्या फलकाचाही फोटो घ्या. त्यावर कामाचं नाव, कंत्राटदार आणि मुदत लिहिलेली असते. मुदतीची तारीख पत्रात हवीच.

फलक नसेल किंवा तारीख उलटून गेली असेल तर महापालिकेच्या तुमच्या वॉर्ड कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत मजकूर. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे. कार्यादेशाची तारीख, काम पूर्ण करण्याची मुदत आणि मुदतवाढ दिली असल्यास ती कधीपर्यंत, एवढंच विचारा. उत्तराला तीस दिवस असतात, तोवर पत्र अडवून ठेवू नका.

काम कसं चालतं हेही समजून घ्या, कारण कपातीची मुदत त्यावरच ठरते. रस्ता सहसा अर्धा-अर्धा केला जातो: आधी एक बाजू, मग दुसरी. खाली पावसाळी गटार आणि केबलसाठीचे पाइप टाकले जातात, मग काँक्रीट ओततात. ओतल्यावर ते नीट पक्कं व्हावं म्हणून त्यावर पाणी ठेवतात आणि जड वाहनांना साधारण 28 दिवस लांब ठेवतात. वरून चकचकीत दिसणारा रस्ता त्या दिवसांत तुमच्या टेम्पोसाठी बंदच असतो. त्यात मुंबईत पावसाळ्याआधी, 31 मेपर्यंत, हातातले तुकडे पूर्ण करून नवं खोदकाम थांबवायचं असतं. जे उरतं ते ऑक्टोबरला पुन्हा सुरू होतं. म्हणून "काम संपेपर्यंत" असं मोघम लिहिलं तर जूनमध्ये वाद ठरलेला: मालक म्हणणार संपलं, तुम्ही म्हणणार अजून अर्धं बाकी आहे.

किती मागायचं

विक्री 42 टक्के पडली म्हणून भाडं 42 टक्के कमी करा, हा हिशेब सरळ वाटतो पण मालकाला पटत नाही. तुमच्या नफ्यात त्याचा वाटा नव्हता, मग तोट्यात का असावा? मी वेगळ्या बाजूने मोजतो: दुकान पदरचे पैसे न घालता उघडं ठेवायचं तर किती भाडं झेपेल?

आमच्या दुकानात मालावर सुटणारा फायदा सरासरी 24 टक्के होता. म्हणजे खोदकामाच्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण 66,400 रुपये सुटत होते. त्यातून मदतनीस, वीज आणि किरकोळ खर्च असे 21,000 गेले की 45,400 उरतात. भाडं 63,000. दर महिन्याला 17,600 तो घरून घालत होता. गेल्या वर्षी याच दिवसांत सगळं देऊन त्याच्या हातात तेहतीस हजार राहत होते. तर त्याचा आकडा ठरला 45,000. त्या भाड्यात दुकान तोटा न होता चालतं, घरी काही येत नाही.

घासाघीस होणारच, म्हणून पत्रात 40,000 मागितले. याहून खाली जाऊ नये असं माझं मत आहे. निम्मं भाडं मागितलं की बोलणं चिडक्या सुरात सुरू होतं, आणि ज्या माणसाचं घर कदाचित याच भाड्यावर चालतं त्याला ते लागतं. आमचे मालक निवृत्त शिक्षक होते, भाडं हीच त्यांची पेन्शन. हे लक्षात ठेवूनच पत्र लिहिलं.

आता मालकाच्या बाजूचा हिशेब मांडा, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. 45,000 वर एप्रिल, मे, जून असे तीन महिने गेले तर त्यांना 54,000 कमी मिळतात. जुलैची वाढ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली तर आणखी 9,450. एकूण 63,450, म्हणजे जवळपास एका महिन्याचं भाडं. गाळा रिकामा झाला तर पत्र्यांमागचं दुकान बघायला पावसाळ्याआधी कोण येणार? आणि नवा माणूस मिळालाच तर दलालीतच साधारण एक भाडं जातं. हा हिशेब पत्रात लिहू नका, तो धमकीसारखा वाचला जातो. भेटीत मालकाने "मला यात काय?" असं विचारलं तर सांगायला तयार ठेवा.

मागच्या महिन्यांची भरपाईही मागू नका, असं मी सांगतो. भरलेले पैसे परत देणं माणसाला फार जड जातं. ते महिने आपण सोसले, एवढं नमूद करून पुढच्या महिन्यांचं मागा. त्याबदल्यात काहीतरी द्या. आमच्या भांडीवाल्याने करार संपेपर्यंत गाळा न सोडण्याचा शब्द दिला.

पत्र

पत्र एका पानाचंच ठेवा. विक्रीचे रुपये लिहू नका, टक्के लिहा. रुपयांचा आकडा मालकाकडे कायमचा राहतो आणि पुढच्या कराराच्या वेळी समोर येतो. रिटर्नच्या प्रती भेटीत दाखवा आणि परत घ्या. "परवडत नाही", "बंद करावं लागेल", "नाइलाजाने" हे शब्द टाळा. त्यातून मालकाला एवढंच कळतं की हा जाणार.

दि. 17 मार्च 2025

विषय: गाळा क्र. 4 च्या मासिक भाड्यात रस्त्याच्या कामाच्या काळापुरती कपात करण्याबाबत विनंती

आदरणीय काका,

स.न.वि.वि.

आपला गाळा मी 1 जुलै 2023 पासून चालवत आहे. सध्याचे भाडे दरमहा 63,000 रुपये असून आजपर्यंतचे प्रत्येक भाडे वेळेवर आपल्या खात्यात जमा केले आहे.

डिसेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यापासून दुकानासमोरचा रस्ता काँक्रिटीकरणासाठी खोदला आहे. दुकानापुढे पूर्ण लांबीचे पत्रे असून चालायला सुमारे तीन फुटांची वाट आहे. रिक्षा आणि टेम्पो नाक्यावरच थांबतात. कामाच्या फलकावर मुदत 31 मे 2025 अशी आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत दुकानाची विक्री मागील वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा 42 टक्के कमी झाली. घरपोच जाणाऱ्या मालाची विक्री मात्र पूर्वीइतकीच आहे, म्हणजे अडचण दुकानापर्यंत येण्याचीच आहे. जीएसटी रिटर्नच्या प्रती भेटीत दाखवेन.

यात आपला काहीच दोष नाही, याची मला जाणीव आहे. मागील महिन्यांचा भार मी सोसला आहे आणि त्याबद्दल काही मागत नाही. पुढील विनंती आहे:

1 एप्रिल 2025 पासून भाडे दरमहा 40,000 रुपये करावे. दुकानाच्या बाजूचे पत्रे निघून मालाचा टेम्पो दारापर्यंत येऊ लागला की त्याच्या पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून मी पूर्ण भाडे देईन. 1 जुलैची वाढ 1 ऑक्टोबरपासून लागू करावी.

माझ्या बाजूने, ही सवलत मिळाल्यास 30 जून 2026 पर्यंत मी गाळा सोडणार नाही, हे लिहून देण्यास तयार आहे. डिपॉझिट आणि कराराच्या बाकी सर्व अटी आहेत तशाच राहतील.

आपला निर्णय होईपर्यंत भाडे पूर्ण भरत राहीन. येत्या रविवारी आपल्या सोयीने घरी भेटायला येऊ का? जमल्यास आपणही एकदा दुकानावर यावे.

आपला,
(सही)

हातात द्या, मग बोला

पहिलं पत्र पोस्टाने पाठवू नका. पोचपावतीचं पाकीट आलं की घरात कोर्टाचा विषय सुरू होतो. फोन करून सांगा, दोन प्रती घेऊन स्वतः जा आणि आपल्या प्रतीवर "मिळाले" असं लिहून तारखेसह सही घ्या. त्याच संध्याकाळी पत्र आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे मुलगा-सून परगावी असले तरी त्यांना ते दिसतात. निर्णय बऱ्याचदा तेच घेतात. दोन आठवड्यांत काहीच उत्तर आलं नाही तर मात्र तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा.

मालकाला दुकानावर आणणं हा मला माहीत असलेला सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. आमचे काका डोंबिवलीहून आले. नाक्यावर रिक्षाने सोडलं, पुढे पत्र्यांच्या कडेने फळीवरून ते चालत आले. दुकानात बसल्यावर म्हणाले, "अरे, मला वाटलं नेहमीसारखं खोदलंय." त्यानंतर बोलणं आकड्यांवर आलं.

त्यांनी आधी सांगितलं, "आत्ता 40 दे, बाकीचे 23 दिवाळीला दे." हे मदत म्हणून म्हटलेलं असतं, पण ती कपात नव्हे, ते कर्ज आहे. दुकान सावरायला लागेल तेव्हाच तुमच्यावर मागचा बोजा येतो. ज्याची अडचण फक्त एक-दोन महिन्यांच्या रोख पैशाची आहे त्याने ते जरूर घ्यावं. ज्याचं गिऱ्हाईक तुटलंय त्याने नम्रपणे सांगावं, "काका, आकडा थोडा वाढवा, पण जे सोडाल ते सोडाच." शेवटी 45,000 वर ठरलं, वाढही तीन महिने पुढे गेली.

उत्तर सरळ नकाराचं आलं तर वाद घालू नका. निदान जुलैची वाढ पुढे ढकलण्याचं मागा. त्यात मालकाच्या खिशातून आज काही जात नाही, म्हणून ते बऱ्याचदा मिळतं.

ठरलेलं कागदावर घ्या

"ठीक आहे, दे तू पंचेचाळीस" हे तोंडी बोलणं पुरेसं नाही. नोंदणी झालेल्या करारातली रक्कम नंतर तोंडी बदलली, असं सिद्ध करायला साक्षीपुराव्याचा कायदा सहसा वाव देत नाही. मालक बदलला, वारस आले, की मागची सगळी कपात थकबाकी म्हणून समोर येऊ शकते. म्हणून मालकाच्या सहीचं संमतीपत्र घ्या. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 63 प्रमाणे ज्याचं येणं आहे तो त्यातला काही भाग सोडू शकतो, त्यासाठी बदल्यात काही मिळायलाच हवं असं नाही. फक्त शब्द नेमके हवेत. "कमी घेतले" एवढं लिहू नका. असं लिहा: "एप्रिल 2025 पासून रस्ता खुला होईल त्या महिन्याअखेरपर्यंत दरमहा 18,000 रुपये कायमचे माफ केले असून ते पुढे थकबाकी म्हणून मागितले जाणार नाहीत."

त्याच कागदावर आणखी दोन वाक्यं घाला. एक, "रस्ता खुला" म्हणजे काय: दुकानाच्या बाजूचे पत्रे निघाले आणि टेम्पो दारापर्यंत आला. दोन, पावसाळ्यानंतर तीच बाजू पुन्हा खोदली गेली तर तेवढे महिने हेच भाडं राहील. दुसरी अट नसेल तर गाळा न सोडण्याचा शब्द देऊ नका, तुम्ही अडकाल. कपात वर्षाच्या आसपास जाणार असेल किंवा रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून पुरवणी करार करून तो नोंदवून घ्या.

कराचं थोडक्यात. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे आणि मालकाची नोंदणी नाही, अशा वेळी 10 ऑक्टोबर 2024 पासून दुकानाच्या भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्हीच भरता. तो आता 45,000 वर मोजा आणि संमतीपत्राची प्रत हिशेबाच्या फाइलला लावा. मालक स्वतः बिल देत असेल तर बिलही कमी रकमेचंच मागा. भाड्यावर टीडीएस कापत असाल तर तिथली रक्कमही बदलते, ते आपल्या सीएला त्याच आठवड्यात सांगा.

आमच्या भांडीवाल्याच्या बाजूचे पत्रे 9 जूनला निघाले. त्याच दुपारी दारात उभ्या टेम्पोचा फोटो काढून त्याने स्वतःहून काकांना पाठवला आणि खाली लिहिलं की 1 जुलैपासून 63,000 जमा करतो. ऑक्टोबरला समोरची बाजू खोदायला घेतली, तेव्हा त्याच्या दारापर्यंत टेम्पो येत होता. कागदाप्रमाणे कपात लागू होत नव्हती. त्याने ठरल्याप्रमाणे 66,150 भरले.